एक अट कमी

माझा स्वभाव मत्सरी नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत होतो आणि लोकही मान डोलवत होते, कारण तोवर मत्सर करावा असं कुणी माझ्या वाटेला आलंच नव्हतं. बोईसरला स्टेशनच्या पूर्वेला माझा गणिताचा क्लास. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्यांत मी. आजूबाजूच्या चाळींत कारखान्यांतली माणसं राहतात, त्यांची मुलं माझ्याकडे येतात, नववी-दहावी-अकरावी-बारावी. त्या दोन खोल्यांत माझ्याइतकं गणित कुणालाच येत नव्हतं, आणि एवढ्या बळावर माणूस पंधरा-सोळा वर्षं सुखात काढू शकतो.

मग चाळिशीच्या तोंडावर मला एम. एस्सी. व्हायची लहर आली. लहर कसली, दुखणंच होतं ते. लोक मला 'क्लासवाले' म्हणत. 'प्राध्यापक' कुणी म्हणत नसे. कॉलेजच्या फळ्यासमोर एकदा तरी उभं राहायचं, हिरव्या, भिंतभर लांब फळ्यासमोर, ही माझी इच्छा होती आणि ती मी बायकोलाही नीट सांगितली नव्हती. पालघरच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. वर्गात डझनभर पोरं, बहुतेक माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाची. मी उमरोळीवरून मोटारसायकल हाणत सकाळी पोचायचो आणि दुपारच्या बॅचसाठी परत बोईसरला पळायचो.

अ‍ॅनालिसिस शिकवणारे सर निवृत्तीला आलेले. एका डोळ्यात मोतीबिंदू, आवाज मात्र अजून खणखणीत. माझ्यासारखे अर्धवेळ लोक तास बुडवतात म्हणून त्यांनी तास रेकॉर्ड करायला परवानगी दिली होती. पहिल्या बाकावर कुणीतरी फोन ठेवायचा. पण नुसतं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकून ठेवलं की ते कुणी ऐकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नियम घातला: प्रत्येक तासाचं सार एकाने लिहून टाकायचं. त्यात तीन भाग. पहिला, प्रमेयाचं विधान, सगळ्या अटींसकट. दुसरा, सिद्धतेचा आराखडा. अख्खी सिद्धता नव्हे, फक्त सांधे, म्हणजे कुठून निघालो, कुठे वळलो, कुठे पोचलो. तिसरा, सोडवलेलं एक उदाहरण.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरगं हे एकटं वाचणार आहे," सर म्हणायचे. "त्याला माझा आवाज नको, माझा विनोद नको. फक्त सांगाडा द्या. पण हाडं सगळी द्या."

हे काम मी आपणहून अंगावर घेतलं. मला वाटलं, सोळा वर्षं नोट्स काढून पोट भरणाऱ्या माणसाला हे काय जड! माझी सारं सुबक असायची. चौकटी, लाल-निळ्या रेघा, वरती तासाचा विषय ठळक. ग्रुपवर पीडीएफ पडली की अंगठे यायचे. ते अंगठे मी मोजत नसे. नुसते पाहत असे, वरचेवर.

आणि मग ती आली. म्हणजे वर्गात होतीच, पण साराच्या कामात आली. एका आठवड्यात माझ्या क्लासच्या चाचण्या होत्या, मी तासाला नव्हतो आणि रेकॉर्डिंग ऐकायलाही सवड नव्हती, म्हणून सरांनी तिला सांगितलं. पालघरजवळच्या माहीमची मुलगी, घरी वाडी, विड्याच्या पानांच्या वेली आणि सुपारी. पहाटे वडिलांबरोबर पानं खुडून, जुड्या बांधून, मग एसटीने पालघरला यायची. बोटांची टोकं काळपट हिरवी. वर्गात गप्प. मला 'दादा' म्हणायची, त्यामुळे मला ती फार गुणी वाटायची. त्या दिवसापर्यंत.

तिचं सार एका पानाचं होतं. एकच शाई. चौकट नाही, रेघ नाही. विधान, खाली आराखडा, खाली उदाहरण. पण आराखड्याच्या प्रत्येक पायरीपुढे तिने कंसात एक बारीक गोष्ट लिहिली होती: विधानातली कुठली अट इथे वापरली. बस. बाकी काही नाही.

मी ते वाचलं आणि माझ्या छातीत काहीतरी बारीकसं टोचलं. हे मला का सुचलं नाही? इतकी साधी गोष्ट! विधानात चार अटी असतील आणि आराखड्यात चारही कुठे ना कुठे खर्ची पडल्या असतील, तर हिशोब जुळला. एखादी अट कुठेच लागली नाही तर एकतर ती फालतू आहे, नाहीतर आपल्या सिद्धतेला भोक आहे. वाचणाऱ्याला हे आपोआप दिसतं. आणि ग्रुपवर अंगठे माझ्यापेक्षा जास्त. वर कुणीतरी लिहिलं, 'असंच पाहिजे होतं.' आजवर जे मिळत होतं ते मग काय होतं?

संध्याकाळी बायको भाजी निवडत बसली होती. तिला गणिताचा गंध नाही, बी. ए. झालीय, इतिहास घेऊन. मी दोन्ही सारं तिच्यापुढे टाकली, कुणाचं कुठलं ते न सांगता.

"वाचून सांग, कुठलं बरं वाटतं?"

तिने हात पुसले, दोन्ही कागद लांब धरून पाहिले. "मला काय कळतंय त्यातलं? पण हे," तिने नेमका त्या मुलीचा कागद उचलला, "हे वाचायला शांत वाटतं. हे दुसरं म्हणजे लग्नपत्रिका आहे."

"लग्नपत्रिका माझी आहे."

"ते कळलंच हो मला. म्हणून तर जपून बोलले."

त्यानंतरच्या माझ्या सारांत कंसात अटी येऊ लागल्या. मीच शोधून काढल्यासारख्या, हिरव्या शाईत.

आता सरांनी काय केलं ते सांगतो, कारण खरं दुखणं तिथून सुरू झालं. एक दिवस त्यांनी आम्हा दोघांना तासानंतर थांबवलं. म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, आठवडाभर घरी. अंतर्गत परीक्षेआधीचा उजळणीचा तास बुडू नये, म्हणून तो तुमच्यापैकी एकाने घ्यायचा.

"आणखी एक," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचा निकाल लागला की पुढच्या वर्षी इथे तासिका तत्त्वावर एक जागा आहे. नाव सुचवा म्हणून मला सांगितलंय. मी काही परीक्षा घेत बसणार नाही. ऑपरेशनआधीच्या माझ्या शेवटच्या तासाचं सार दोघंही करा. मला ज्याचं बरं वाटेल त्याने फळ्यासमोर उभं राहावं. मग बघू."

फळ्यासमोर! मला वाटलं, हा माणूस माझ्या मनात येऊन बसला होता की काय. शेजारी तिचा चेहरा पाहिला. तिलाही ते हवं होतं, हे लख्ख दिसत होतं. तिला का हवं होतं, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. माझं गणित एवढंच होतं की जागा एक आणि माणसं दोन.

तो शेवटचा तास नेमका माझ्या क्लासच्या पालकसभेच्या वेळी पडला. रेकॉर्डिंग तिनेच केलं आणि तिनेच ग्रुपवर टाकलं. दुपारी टाकलं. मी मनात म्हटलं, तास अकराला संपला, दुपारपर्यंत काय करत होती? स्वतःचं सार आधी लिहून घेतलं असणार! नंतर कळलं, एसटी चुकली होती आणि वाटेत रेंज नव्हती.

आता तास कशाचा होता ते सांगायला हवं. घाबरू नका, मी क्लासवाला आहे, समजेल असं सांगायची मला सवय आहे.

समजा आपल्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना. पहिल्या पाळीचे कामगार वेगवेगळ्या वस्त्यांतून येतात. प्रत्येक माणूस कधी ना कधी गेटच्या आत पोचतोच, ही एक गोष्ट. आणि एक अशी वेळ सांगता येते की त्यानंतर गेटबाहेर एकही माणूस उरत नाही, ही दुसरी. पहिल्यापेक्षा दुसरी फार मोठी. माणसं मोजकी असली तर दोन्ही एकच. पण माणसं अनंत असली तर प्रत्येक जण पोचेलही, आणि तरी कुठल्याही क्षणी कुणी ना कुणी वाटेतच असेल. फलनांच्या, म्हणजे फंक्शन्सच्या, मालिकेचंही तसंच. प्रत्येक बिंदूवर ती आपापल्या गतीने सीमेला, म्हणजे जिथे शेवटी टेकायचं त्या किमतीला, पोचते, हे झालं साधं अभिसरण. सगळीकडे एकाच वेळी जवळ येते, हे एकसमान अभिसरण. सरांचं त्या दिवशीचं प्रमेय हे होतं की काही अटी पाळल्या तर पहिल्यावरून थेट दुसरं मिळतं, फुकटात. फलनं सगळी संतत हवीत, म्हणजे कुठे तुटणारी नकोत. ती प्रत्येक पायरीला खाली खालीच यायला हवीत, मधेच वर उसळता कामा नयेत. आणि ज्या पट्टीवर ती राहतात ती दोन्ही टोकांसकट बंद हवी, शून्य ते एक अशी.

मी रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. बसलो म्हणजे रिक्षात बसलो, शेअर रिक्षात, एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानाशी ड्रायव्हर कुणाला तरी हिंदीत शिव्या देत होता. आधी पोस्ट करायचं होतं, तिच्या आधी. म्हणून दुप्पट वेग लावला. शिवाय त्या अ‍ॅपमध्ये एक सोय होती, शांतता गाळायची. माणूस बोलता बोलता थांबला की तेवढा भाग ते आपोआप उडी मारून पुढे जातं. मला ती सोय फार हुशारीची वाटली.

सर दुप्पट वेगाने चिवचिवत होते. विधान सांगितलं: संतत, उतरती, बंद पट्टी, म्हणून एकसमान. लिहून घेतलं. मग सिद्धता: फलन आणि त्याची सीमा यांच्यातलं अंतर घ्या. अंतर ठरावीक इतकं किंवा त्याहून जास्त उरलेलं आहे असे बिंदू गोळा करा. हे संच बंद आहेत. एकात एक बसतात, कारण अंतर कमीच होत जातंय. सगळ्यांत सामाईक असा एकही बिंदू नाही, कारण प्रत्येक बिंदू शेवटी जवळ येतोच. बंद पट्टीवर बंद संचांची अशी उतरंड असली आणि सामाईक काही नसलं, तर त्यातला एखादा संच रिकामाच असला पाहिजे. तिथून पुढे सगळे गेटच्या आत. सुंदर! लिहून घेतलं, कंसांसकट. 'संच बंद आहेत' याच्यापुढे मी कंसात लिहिलं: स्पष्टच आहे.

मग सर म्हणाले, "आता एक्सचा एनवा घात घ्या. शून्य ते एक. संतत आहे? आहे. उतरतंय? उतरतंय. पट्टी बंद? बंद." आणि लगेच, दुप्पट वेगात, "चला, हजेरी." मी रेकॉर्डिंग बंद केलं. हजेरी काय ऐकायची? मी तर एरवीही स्वतःचा नंबर बोलून झाला की वर्गातून सटकायचो, बॅच असायची ना.

उदाहरण सरांनी अर्धवट सोडलंय असं मला वाटलं. मग ते मी पूर्ण केलं. क्लासवाल्याची हौस! एक्स अर्धा घेतला: घात वाढत गेला की उत्तर शून्याकडे. नऊ दशांश घेतला: सावकाश, पण शून्याकडे. एक घेतला: एकच राहतं, तेही ठीक. तक्ता काढला, आलेख काढला, खाली लाल चौकटीत लिहिलं: 'म्हणून अभिसरण एकसमान. प्रमेयाचा पडताळा झाला.' आणि टाकलं ग्रुपवर. तिच्या आधी.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, एकट्याला. 'दादा, तुमच्या विधानात एक अट राहिली काय? शेवटचं ऐकलंत तुमी?'

मी बायकोला दाखवला. "बघ. मी आधी टाकलं तर जळायला लागली. आता घोळ घालतेय डोक्यात."

बायकोने वाचला. "काही अट राहिलीय म्हणते बिचारी. एकदा बघून तरी घ्या."

"अगं, डाव आहे तो. मी शंका घेत बसलो की ही तिचं पाठवणार."

"एवढ्याशा पोरीचा डाव! तुमचं काहीतरी बिनसलंय."

मी मेसेजला अंगठा टाकला. नुसता अंगठा. त्याचा अर्थ 'बघतो' असाही होतो आणि 'गप बस' असाही होतो, ही त्याची मजा. तिने सार टाकलं ते मी उघडलंच नाही. उघडावंसं वाटलं होतं. पण ते चांगलं निघालं असतं तर?

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. ऑपरेशनच्या आधीची धावपळ चालली होती. "दोन्ही सारं मुलीकडून वाचून घेतली," ते म्हणाले. त्यांची मुलगी बँकेत नोकरीला. "उजळणी तुम्ही घ्या. सारावर जे लिहिलंय तेच शिकवा. शब्दशः."

त्या 'शब्दशः'कडे माझं लक्ष गेलं नाही. मी नवा शर्ट काढला होता.

फळा खरंच भिंतभर होता. बोईसरच्या माझ्या फळ्यावर एक उदाहरण संपायच्या आत पुसावं लागतं. इथे हात लांब करून लिहीत राहावं आणि फळा संपूच नये. मी विधान लिहिलं, अक्षर आखीव. पोरं उतरवून घेत होती. ती तिसऱ्या बाकावर, हात बाकावर, पेन बंद. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. आराखडा झाला. मग उदाहरण, तक्ता, आलेख, आणि 'म्हणून एकसमान'.

पुढच्या बाकावरचा चष्मेवाला मुलगा म्हणाला, "सर, एक विचारू?"

'सर'! कॉलेजात! मी उदारपणे म्हणालो, "विचार की."

"अर्ध्याचं एनवं मूळ घेतलं तर? तो एकपेक्षा लहानच येणार. पण त्याचा एनवा घात केला की परत अर्धाच येणार ना?"

"मग?"

"म्हणजे एन कितीही मोठा घेतला तरी कुठेतरी एक बिंदू आहेच, जिथे उत्तर अर्धं आहे. शून्याजवळ नाही."

मी म्हणालो, "हां." मग म्हणालो, "बरोबर." गेटच्या बाहेर एक माणूस उभा होता. दर वेळी वेगळा माणूस, पण होताच. एकाच्या जवळ जवळ सरकत जाणारा, कधीच न संपणारा तो उशिरा येणारा कामगार मला त्या फळ्यावर स्पष्ट दिसला. म्हणजे अभिसरण एकसमान नव्हतं. माझ्या प्रमेयाच्या सगळ्या अटी पाळणारं उदाहरण माझ्याच प्रमेयाला खोटं पाडत होतं, आणि मी त्याच्याखाली लाल चौकटीत 'पडताळा झाला' असं लिहून सगळ्यांना वाटून दिलं होतं.

मी वळून सिद्धतेकडे पाहिलं. कुठेतरी भोक होतं. 'संच बंद आहेत, स्पष्टच आहे.' इथे ते संच कुठले? अर्ध्याच्या एनव्या मुळापासून एकापर्यंत, पण एक वगळून, कारण एकावर अंतर शून्य. टोक वगळलं. म्हणजे बंद नाही! का नाही? माझी बोटं नकळत खडूने फळ्यावर टकटक करू लागली. आणि तेव्हा मला आठवलं, सर नेमकं हेच करतात. एक अट कमी ठेवून प्रमेय लिहितात, सिद्धता रेटतात, उदाहरण आपटतात आणि मग न बोलता खडू टकटकवत उभे राहतात, कुणीतरी बोलेपर्यंत. त्या टकटकीतच राहिलेली अट असते. आणि माझ्या हुशार अ‍ॅपने ती सगळी शांतता गाळून टाकली होती.

मग मी काय केलं? जे निर्लज्ज माणूस करतो ते. मी वर्गाकडे वळलो, भुवया उंचावल्या आणि टकटक चालू ठेवली. जणू हे सगळं मुद्दामच होतं.

मला अट माहीत नव्हती. मी नुसता टकटकत होतो आणि मनात देवाचा धावा करत होतो.

तिने हात वर केला. "सीमेचं फलन संतत आहे असं कुठे लिहिलंय?"

तेच! सीमा शून्यावरून एकावर टुणकन उडी मारत होती, तुटलेली होती. सीमा तुटली म्हणून अंतरही तुटलं, अंतर तुटलं म्हणून संच बंद राहिला नाही. सगळा सांगाडा माझ्या डोळ्यांपुढे एका क्षणात जुळला.

"शाबास," मी म्हणालो.

मी तिला 'शाबास' म्हणालो! आजही तो शब्द आठवला की कानशिलं तापतात. ती खाली बघून हसली, आणि वर्गाने विधानात चौथी अट लिहून घेतली.

तासानंतर ती एसटी स्टँडकडे निघाली होती. मी मागून गेलो. आभार मानायचे होते. तोंडातून निघालं भलतंच. "तुला कसं कळलं गं? तू वर्गात होतीस म्हणून कळलं असणार."

"वर्गात होते, पण तेव्हा मलापण नाय कळलं. सर टकटक करत होते, मागचा कोणतरी बोलला, मला ऐकू नाय आलं. घरी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा ती अट कुठे लागते ते कळलं."

"मी पण ऐकलं की रेकॉर्डिंग!"

"तुमी सुरुवातीपासून ऐकलंत ना? मी शेवटून ऐकते. हजेरी झाली ना, की सर पूर्ण विधान सांगतात, सगळ्या अटी घालून. पोरं पळून जाऊ नयेत म्हणून ते शेवटाला ठेवतात. मी आधी तेवढं ऐकते. मग सिद्धता ऐकताना प्रत्येक अट येते का बघत बसते. नाय आली की थांबवते, परत ऐकते."

"दुप्पट वेगाने?"

"नाय ओ दादा. पानं लावताना ऐकते ना. हात चालतात सावकाश, मग ऐकायलाबी सावकाशच लागतं."

इतके दिवस हजेरी झाली की पळणारा मी. प्रत्येक वेळी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या पाठीमागे पूर्ण विधान सांगितलं गेलं. आधीची सारं बरोबर आली कारण ती प्रमेयं पुस्तकांतून माहीत होती. राग यायला हवा होता तो स्वतःचा, आला तिचा. शेवटून ऐकायचं! हे मला का सुचू नये?

चार दिवसांनी सरांनी बोलावलं. घरी, डोळ्यावर हिरवी पट्टी, शेजारी थर्मास. "उजळणी छान झाली म्हणे. ती सांगत होती, माझ्यासारखंच केलंत. अट लपवून, टकटक करून."

तिने सांगितलं होतं! तिला सगळं माहीत होतं, तिचा मेसेज माझ्या फोनमध्ये पडला होता, आणि तरी तिने मला सावरून घेतलं होतं. मला कृतज्ञता वाटली का? वाटली. पण त्याच्या आधी वाटलं, हेही हिलाच जमावं? चांगलं सारही हिचं आणि मनाचा मोठेपणाही हिचाच?

"सर, ते मुद्दाम नव्हतं," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. बहुतेक तिच्या मोठेपणाशी बरोबरी करायची होती.

"ते मला ठाऊक आहे. मुलीने वाचून दाखवलं ना सार. 'पडताळा झाला.'" सर हसायला लागले, एका हाताने पट्टी सांभाळत हसले. "म्हणून तर तुम्हाला पाठवलं. म्हटलं, माणूस सोळा वर्षं शिकवतोय, फळ्यासमोर काय ते दिसेलच त्याला. आणि निभावलंत, खोटं नाही बोलणार."

माझी आशा परत वर आली.

"पण नाव मी तिचं दिलंय," सर म्हणाले. "फळ्यासमोर चूक झाली तर तुम्ही तिथे असता, टकटक करायला. ते कागदावरचं सार पोरगं एकटं वाचतं. तिथे सावरायला कोणी नसतं. ज्याला कागद बरोबर ठेवता येतो, त्याच्या हाती मुलं द्यायला मला भीती वाटत नाही. तुम्ही भाषणाचे माणूस आहात. पुढे तुमचंही होईल काहीतरी."

'काहीतरी' हा शब्द मी सबंध उमरोळीच्या रस्त्याने चघळत आलो.

पुढच्या वर्षी तिचे तास सुरू झाले. पहिल्या वर्षाची मुलं तिला 'मॅडम' म्हणू लागली. तिनेही रेकॉर्डिंगची प्रथा ठेवली. आणि एक दिवस मला मेसेज आला: 'दादा, माझ्या पहिल्या तासाचं सार तुमी लिहाल काय? मुलांना तुमचं अक्षर आवडेल.'

मी एका दुपारी क्लास बंद ठेवला. रेकॉर्डिंग सुरू केलं, साध्या वेगाने, शांतता गाळायची सोय बंद करून. शेवटून ऐकलं. मग सुरुवातीपासून ऐकलं. प्रत्येक अट वहीत लिहिली आणि प्रत्येक पायरीला लागलेल्या अटीवर बोट ठेवत गेलो. एक तरी राहिली असेल, असं मला फार वाटत होतं. मधे ती थांबली की मी फोन कानाशी घट्ट धरायचो, श्वास रोखून, सापडलं म्हणून. ती फक्त खडू बदलत असायची.

रेकॉर्डिंग संपलं. एकही अट राहिली नव्हती. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय हो, एवढा वेळ काय ऐकताय?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि विधान लिहायला घेतलं. एकाच शाईत.